बंदुकीमागची जागा

आष्टीत कुणाला लीना धोटे कोण म्हणून विचारलं तर माणूस क्षणभर थांबेल. इतिहासाच्या मॅडम म्हटलं की मात्र बसस्टँडवरचा केळीवालासुद्धा बोट करून घर दाखवेल. तिच्या हाताखालून गावातली निम्मी पोरं गेली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आजही इतिहासापेक्षा तिची एक सवय जास्त आठवते. एखादा प्रश्न आला की ती लगेच उत्तर द्यायची नाही. “उद्या वाचून सांगते,” म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी खरंच वाचून यायची.

घरातही तिचं तसंच. काळजी लागली की दुसऱ्या बाया देवाला नारळ बोलतात, लीना पुस्तक काढते. मुलाला, मिहिरला, लहानपणी विषमज्वर झाला तेव्हा डॉक्टरांच्या आधी तिलाच सगळी लक्षणं पाठ होती. तो मित्रांबरोबर धरणावर पोहायला जायला लागला, तर तिने पाण्यात पेटका का येतो ते वाचून काढलं आणि जेवताना त्याला ऐकवलं. नवरा अच्युत तहसील कचेरीत कारकून, स्वभावाने थंड. तो म्हणायचा, “तुझी आई घाबरत नाई रे, ती फक्त अभ्यास करते.” मिहिर हसायचा. पण लीनाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. जे आपल्याला नीट समजलं ते निम्मं टळलं, असं तिला मनापासून वाटे.

म्हणून बीएस्सीचं पहिलं वर्ष अर्धवट सोडून मिहिर म्हणाला की मी अग्निवीरची तयारी करतो, तेव्हाही ती रडली नाही, भांडली नाही. पहाटे बूट घालून तो तळेगावच्या रस्त्याला पळायला जायचा आणि ती चहा टाकता टाकता विचार करायची की ह्याला कुठल्या वाटेने परत आणावं.

वाट तिला आनंदरावांनीच दाखवली. आनंदराव म्हणजे सैन्यातले निवृत्त हवालदार. गावाबाहेर टिनाच्या शेडमध्ये ते भरतीची अकॅडमी चालवत. पोरांना पळवायचं, दोरावर चढवायचं काम त्यांचं. सामान्य ज्ञानाला मात्र त्यांना माणूस मिळत नव्हता. एका रविवारी ते घरी आले आणि म्हणाले, मॅडम, पोट्ट्यांना एखादा तास द्या, शस्त्रांचा इतिहास वगैरे सांगा, पेपरात येते. लीना हो म्हणाली, आणि त्याच क्षणी तिने ठरवलं की तास घ्यायचा तो मशीनगनवर. ही गोष्ट काय आहे आणि तिच्यापुढे माणसाचं काय होतं, हे एकदा नीट सांगितलं तर पहाटे पळणाऱ्या पायांतलं बळच जाईल.

आठवडाभर तिने वाचलं. कॉलेजच्या ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणली, मोबाइलवर चित्रं पाहिली, जोडण्या समजून घेतल्या. आष्टीसारख्या गावात गोळीबार हा नुसता पुस्तकातला शब्द नाही. बेचाळीसच्या हुतात्म्यांची नावं पोरं शाळेपासून म्हणतात. पण नावं म्हणणं वेगळं आणि यंत्र समजणं वेगळं, असं तिला वाटलं.

शेडमध्ये सतरंजीवर पोरं बसली होती, घामाने भिजलेली. मिहिर मागच्या ओळीत. त्याच्या शेजारी तळेगावचा अंकुश, काळासावळा, काटक, सतत हसऱ्या तोंडाचा. लीनाने फळ्यावर आधी सहा वर्तुळं काढली, मधोमध एक दांडा, आणि बाजूला एक हँडल.

तिने सांगितलं की अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं त्या काळात गॅटलिंग नावाच्या माणसाने ही बंदूक काढली. एका नळीने भराभर गोळ्या झाडल्या तर नळी तापून लाल होते, म्हणून त्याने सहा नळ्या एका दांड्याभोवती गोल बांधल्या. बाजूचं हँडल फिरवलं की नळ्यांचा तो जुडगा फिरतो. प्रत्येक नळीच्या मागे तिचा स्वतःचा खटका, म्हणजे काडतूस आत ढकलणारा बोल्ट. नळी वर आली की वरच्या डब्यातून काडतूस आपल्या वजनाने खाली पडतं. नळी फिरत जाते तसा आतली वळणदार खाच खटक्याला पुढे ढकलते, काडतूस नळीत बसतं. ठरावीक जागी आलं की गोळी सुटते. आणि नळी पुढे सरकताना तीच खाच खटक्याला मागे ओढते, रिकामं टरफल बाहेर पडतं. एक नळी गोळी झाडते तेव्हा बाकीच्या भरत असतात, रिकाम्या होत असतात, निवत असतात. जुडग्याचा एक फेरा म्हणजे सहा गोळ्या.

“चाड्यासारखं हाय मग, मॅडम,” अंकुश मध्येच बोलला. “तिफणीवर चाड्यात दाणे सोडतो तसं. वरून पडते, खाली नळ्यानं जाते.”

लीना चमकली, कारण तिने नेमकं तेच वाचलं होतं. ह्या माणसाने बंदुकीच्या आधी पेरणीचं यंत्र केलं होतं. तिने तसं सांगितलं. अंकुशच्या पाठीवर दोघातिघांनी थापा मारल्या आणि कुणीतरी त्याला शास्त्रज्ञ म्हटलं.

मग तिने ह्या बंदुकीतली खोट सांगितली. सगळा जोर हँडल फिरवणाऱ्याच्या हाताचा. घाबरून त्याने घाई केली की वरचं काडतूस नीट खाली बसायच्या आत नळी पुढे जाई आणि सगळं अडकून बसे. हात थकला की बंदूकही थकली. शिवाय ती तोफेसारखी मोठ्या चाकांच्या गाड्यावर बसवलेली. चालवणारा उभाच्या उभा, कुणीही लांबून टिपावा असा. सैन्यालाही ती तोफ वाटे, म्हणून तिला तोफांच्या रांगेत मागे ठेवत. माणसाच्या हातात जोवर हँडल होतं, तोवर यंत्राला माणसाइतकीच मर्यादा होती.

नंतर तिने फळा पुसला आणि दुसरी आकृती काढली. एकच नळी, तिच्याभोवती जाड पिंप, आणि बाजूने आत जाणारा लांब पट्टा.

गोळी सुटली की बंदूक खांद्याला मागे धक्का देते, हे मॅक्झिम नावाच्या माणसाला वाया जाणारं बळ वाटलं. गॅटलिंगनंतर वीसेक वर्षांनी त्याने तेच बळ कामाला लावलं. गोळी सुटते तेव्हा नळी आणि तिचा मागचा खटका एकमेकांत अडकून थोडं मागे सरकतात. आत गुडघ्यासारखा एक सांधा असतो. तो सरळ असतो तोवर खटका पक्का बंद. थोडं मागे गेल्यावर सांधा मोडतो, गुडघा वाकतो तसा, आणि खटका सुटून एकटाच मागे जातो. जाताना एकाच वेळी दोन कामं करतो. नळीतलं रिकामं टरफल ओढून काढतो आणि पट्ट्यातलं नवं काडतूस उपसतो. तोवर एक स्प्रिंग ताणली गेलेली असते. ती सगळं पुढे खेचते, नवं काडतूस नळीत बसतं, आणि घोडा दाबलेलाच असेल तर पुढची गोळी सुटते. पुन्हा धक्का, पुन्हा तेच. माणसाचं काम एवढंच, की घोडा दाबून ठेवायचा. पट्टा कॅनव्हासचा, त्यात अडीचशे काडतुसं ओळीने शिवल्यासारखी. नळीभोवतीच्या पिंपात पाणी. काही शे गोळ्यांनंतर ते उकळायला लागतं, वाफ रबरी नळीवाटे डब्यात सोडायची, पाणी पुन्हा भरायचं. मिनिटाला पाचशेच्या वर गोळ्या.

“आणि धूर?” मागून मिहिरने विचारलं. आईच्या तासाला त्याने प्रश्न विचारावा ह्याचंच लीनाला बरं वाटलं. तिने सांगितलं की नेमकी त्याच सुमारास बिनधुराची दारू निघाली. जुन्या दारूची काजळी यंत्रात बसायची आणि धुराचा ढग बंदुकीचा पत्ता सांगायचा. आता दोन्ही गेलं. बंदूक जमिनीलगत आली, तिच्यामागचा माणूस आडवा झाला, मातीच्या बांधाआड दिसेनासा झाला.

आणि मग ती मूळ मुद्द्यावर आली. ह्यानंतर लढाईचं गणितच उलटलं, ती म्हणाली. हल्ला करणाऱ्याने उघड्या रानातून चालत यायचं, तारांच्या कुंपणापाशी अडखळायचं, आणि बचाव करणाऱ्याने खड्ड्यात बसून पट्टा संपेपर्यंत थांबायचंच नाही. शहाणे सेनापती मशीनगन समोर तोंड करून ठेवत नसत, बाजूला ठेवत. समोरून झाडली तर एका ओळीतला एकच माणूस पडतो. बाजूने झाडली तर येणारी सबंध रांग त्या एका रेषेत सापडते. दोन बंदुका दोन बाजूंना, त्यांच्या रेषा मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या. मधून जाईल तो संपला. मूठभर माणसं एका पलटणीला थोपवू लागली. म्हणून माणसं जमिनीत शिरली, खंदक आले, चार वर्षं युद्ध जागच्या जागी खिळून राहिलं. तिने सोम नदीवरचा एकोणीसशे सोळाचा पहिला दिवस सांगितला, एका दिवसात पडलेली सत्तावन्न हजार ब्रिटिश माणसं, त्यांतली वीस हजारांच्या आसपास मेलेली. आपली माणसंही फ्रान्समध्ये अशाच बंदुकांसमोर गेली हेही सांगितलं.

पोरांच्या नजरा फळ्यावरच होत्या. झालं काम, तिला वाटलं.

मग अंकुशने हात वर केला. “मॅडम, त्या बंदुकीवर किती जण बसत?”

“चालवणारा एक, पट्टा धरणारा एक, आणि पाणी-काडतुसं आणणारे काही. का रे?”

“मले तेच काम पाह्यजे,” तो म्हणाला, आणि सबंध शेड हसली.

लीनाने जरा रागानेच म्हटलं, “अरे, तुम्ही चालत येणाऱ्यांत असाल तर?”

“आपण काऊन चालत जाऊ?” मिहिर म्हणाला. “आपण तर आपल्या हद्दीत बसलो राहू, आई.” मॅडमऐवजी आई म्हटल्यामुळे पुन्हा हशा झाला. आनंदराव खूश झाले, म्हणाले असा तास पोट्ट्यांनी जन्मात ऐकला नाई. घरी येताना लीनाच्या लक्षात आलं की इतक्या पोरांना तिने मरणाची गोष्ट सांगितली, आणि त्यांतल्या एकानेही स्वतःला बंदुकीच्या समोर पाहिलं नाही. सगळ्यांनी मागेच पाहिलं.

भरतीत मिहिर आणि अंकुश दोघंही लागले. सेंटरवरचं प्रशिक्षण झालं, एकाच पलटणीत गेले. निरोप द्यायला तळेगावहून अंकुशची आई आली होती. तानाबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. नवरा नाही. तिने लीनाचा हात धरून सांगितलं की माह्या पोराले काई समजत नाई, तुमच्या पोराच्या मागं मागं राहाय म्हटलं त्याले.

मग एका दुपारी मिहिरचा फोन आला. ती पेपर तपासत होती. पलटणीत कोर्ससाठी नावं द्यायची होती. शिकवणाऱ्या उस्तादांनी त्याला विचारलं होतं, वायरलेस सेट घेतोस की एमएमजीवर जातोस. एमएमजी म्हणजे मीडियम मशीनगन, पट्ट्याचीच. त्याला दोन्ही सारखंच वाटत होतं, संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. “तूच सांग आई. तू वाचलं हायेस.”

उद्या वाचून सांगते, असं म्हणायला वेळ नव्हता. पण तिला वाटलं की ह्या एका प्रश्नाचं उत्तर तर आपण आधीच वाचून ठेवलं आहे. तिच्या डोळ्यांपुढे पुस्तकाची पानं आली. टेलिफोनची तुटलेली तार जोडायला उघड्यावर सरपटत जाणारी पोरं, निरोप घेऊन पळणारी पोरं. त्यांतली कितीतरी परत आली नव्हती. आणि दुसरीकडे मातीच्या बांधाआड, वाळूच्या पोत्यांमागे आडवा पडलेला माणूस, ज्याच्यापर्यंत कुणी पोहोचतच नाही. पट्ट्याच्या बंदुकीने बचाव करणाऱ्याला वरचढ केलं, हे वाक्य तिने स्वतः फळ्यावर लिहिलं होतं. पोरगा सैन्यात जाणारच असेल तर तो तिथे तरी असावा.

“बंदूक घे,” ती म्हणाली. “वायरलेस नको. पाठीवर सेट घेऊन साहेबामागे फिरशील. बंदुकीमागची जागा बरी.”

“नक्की?”

“मी सांगते ना.”

त्या दिवशी तिने संध्याकाळी गोडाचा शिरा केला. अच्युतने कारण विचारलं तर म्हणाली, जरा बरं वाटलं आज.

पुढच्या वर्षी मिहिर रजेवर आला. खांदे रुंद झाले होते, बोलण्यात हिंदी शिरलं होतं. सकाळी अंगणात बसून त्याने वडिलांच्या चामडी पट्ट्यावर ओळीने शेंगा मांडल्या आणि पाण्याची बाटली आडवी ठेवून आईला आपली बंदूक समजावू लागला. लीना शिष्येसारखी समोर बसली. तिला अभिमानच वाटत होता.

तुझ्या मॅक्झिमसारखी नाई आमची, तो म्हणाला. त्यात धक्क्याचं बळ वापरत, आमच्यात गॅसचं. गोळी नळीतून पुढे जाते तेव्हा तिच्यामागचा थोडा गॅस नळीच्या एका भोकातून खाली जातो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या खटक्याला मागे नेतो, टरफल खाली पडतं. वरच्या झाकणात एक आडवा हात असतो, खटका मागे-पुढे झाला की तो हात डावी-उजवीकडे हलतो आणि पट्ट्याला एक घर पुढे ओढतो. पट्टा कॅनव्हासचा नाही, पत्र्याच्या कड्यांचा. काडतूस निघालं की कडी सुटून गळून पडते, त्यामुळे रिकामा पट्टा लोंबत राहत नाही. पाणी तर नाहीच. नळी तापली की हँडल धरून काढायची, दुसरी बसवायची, पापणी लवायच्या आत. मी एक नंबर, घोडा माझ्याकडे; अंकुश दोन नंबर. तो पट्टा हातावर सपाट धरतो. पीळ पडला, माती लागली की बंदूक अडकलीच. गोळ्या कुठे पडतात ते पाहून मला सांगायचं कामही त्याचंच.

“म्हणजे तुम्ही दोघं बंकरमध्येच?” लीनाने विचारलं.

“काई वेळा. पण जास्त वेळ नाई. एका जागेवरून झाडलं की मग जागा बदलावी लागते. बंदूक, तिपाई, पट्ट्याचे डबे, सगळं उचलून पळायचं. म्हणून तर इतकं पळवतात.”

“का बदलायची?”

मिहिरने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं, जणू तिला एवढं माहीत असणारच असं त्याने धरलं होतं. “आई, सबंध मोर्चा आमच्यावर टिकलेला असते ना. आमची बंदूक बंद पडली तर बाकीचे उघडे पडतात. हे समोरच्यालेही माहीत असते. पह्यला आवाज निघाला की तो बाकी सगळं सोडून आमालेच शोधते. पह्यले मोर्टार टाकत. आता तर वर ड्रोन फिरते. झाडल्यावर नळी गरम, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ती पांढरी दिसते. बांध समोरून वाचवते, वरून थोडीच वाचवते?”

तो हे घाबरून सांगत नव्हता. मॅचमध्ये सगळे आपल्यालाच बाद करायला पाहतात असं ओपनरने सांगावं, तसं सांगत होता. मग शेंगा खाऊन तो मित्रांकडे निघून गेला.

लीनाने अंगणातली शेंगांची टरफलं झाडून काढली. नंतर तिने ग्रंथालयातून तीच जाड पुस्तकं पुन्हा आणली, पण ह्या वेळी पुढची पानं उघडली. दरवर्षी दिवाळीपर्यंत पहिलं महायुद्ध संपायचं, आणि तिचं शिकवणं खंदकातच थांबायचं. सोळा सालानंतर सैन्यांनी काय केलं ते चार ओळींत उरकायचं. त्या चार ओळींची पुस्तकात सबंध प्रकरणं होती. मशीनगनने सगळं अडवलं, म्हणून पुढची सगळी अक्कल मशीनगन मोडण्यातच खर्ची पडली होती. हल्ल्याच्या पुढे पुढे सरकत जाणारी तोफगोळ्यांची भिंत, गोळा बंकरपर्यंत पोहोचावा म्हणून उंच उडवून वरून टाकायच्या उखळी तोफा, पोलादी पत्र्याचा रणगाडा, बाँब घेऊन बाजूने सरपटत येणाऱ्या टोळ्या. बंदूक जितकी भारी ठरली तितका तिच्यामागचा माणूस मोलाचा ठरला, आणि मोलाचा माणूसच आधी मारतात. तिने अर्धं वाचलं होतं. त्या अर्ध्यावर तिने उत्तर दिलं होतं, आणि ते मुलाने घेतलं होतं.

संध्याकाळी मिहिर आल्यावर तिने काही न सांगता सरळ विचारलं, कोर्स बदलता येईल का. साहेबांना अर्ज करता येईल का. वाटल्यास मी फोन करते.

तो आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून समोर बसला.

“आता कसं होईन आई? कोर्स झाला, नाव पक्कं झालं. अन् मी सोडलं तर अंकुश एक नंबरवर येईन. त्यानं तर माझ्याकडे पाहूनच नाव देलतं. मी त्याले म्हटलं, माझी आई म्हणते बंदुकीमागची जागा बरी. तो म्हणे, मॅडम म्हणतात तर मग बरीच असन.”

लीनाने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मिहिरने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की तू उगाच वाचतेस, तिथे काही होत नाही, नुसती थंडी असते. अच्युत दारात उभा होता. ह्या वेळी त्याने अभ्यासावरून चिडवलं नाही. दोन दिवसांनी रजा संपली. नागपूरहून गाडी होती. स्टेशनवर मिहिरने वाकून नमस्कार केला तेव्हा तिला वाटलं, इथे आता आपण खरं काय ते बोलावं. पण तिने त्याच्या हातात चिवड्याचा डबा दिला, आणि गाडी हलली.

उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला. टीव्हीवर दिवसभर नकाशे, बाण, ओरडणारी माणसं. मिहिरने एका सकाळी सांगितलं की आता काही दिवस फोन बंद राहील, काळजी करू नको, आणि तेव्हापासून त्याचा नंबर लागलाच नाही. लीनाने टीव्ही पाहणं सोडलं, पण शेजारच्यांचा आवाज भिंतीतून यायचा. ड्रोन हा शब्द आला की तिचा हात जिथे असेल तिथे थांबायचा. तिने वाचायचंही सोडलं. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच झालं. जितकं समजत होतं तितकं तिला चित्र स्पष्ट दिसत होतं: मातीचा बांध, पट्ट्याखाली सपाट धरलेले अंकुशचे हात, गरम नळी, आणि वरून पाहणारं काहीतरी. जे समजलं ते निम्मं टळतं, ह्या श्रद्धेतलं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. आनंदरावांना फोन केला तर ते म्हणाले की बातमी नाही हीच चांगली बातमी. अच्युत कचेरीतून दर तासाला फोन करायचा आणि दोघांनाही विचारण्यासारखं काही नसायचं.

अशाच एका दुपारी तानाबाई आली. तळेगावहून काळीपिवळी जीप पकडून, डोक्यावर पदर घट्ट ओढून, पायात उन्हाने तापलेल्या चपला. ओट्यावर न थांबता ती सरळ आत आली आणि फरशीवर बसली. लीनाने पाणी दिलं. ते तिने एका दमात पिऊन टाकलं.

“मॅडम, मले झोप नाई हो,” ती म्हणाली. “लोकं काहीबाही सांगून राह्यले. तो सरपंचाचा पोरगा म्हणते आता वरून बाँब टाकतात. मी म्हटलं तुले काय कळते, मी मॅडमलेच विचारतो. तुमीच सांगा. तुमी म्हटलं होतं ना, ती जागा चांगली हाय म्हणून?”

लीना तिच्यासमोर खाटेवर बसली होती. आता खरं सांगणं म्हणजे काय, तिने मनाशी जुळवून पाहिलं. बाई, मी चुकले. माझ्या एका शब्दाने तुझा पोरगा तिथे आहे. मी पुस्तक अर्धंच वाचलं होतं. हे बोलून तिचं ओझं कदाचित हलकं झालं असतं. पण ते उचलून ह्या बाईच्या डोक्यावर ठेवायचं, आणि ती ते घेऊन तळेगावला कुठे जाणार? काळीपिवळीत बसून, घरी एकटी, चुलीसमोर? तिकडे पोरांपर्यंत ह्या खरेपणातलं काहीच पोहोचणार नव्हतं. नळी थंड होणार नव्हती, बांध वरून झाकला जाणार नव्हता.

“अंकुश काय करते तिथं, माहीत आहे?” लीनाने विचारलं. तिच्या बोलण्यात तिच्याही नकळत तानाबाईची बोली आली होती.

“मले कुठचं माहीत? पट्टा धरतो म्हणते.”

मग लीनाने तिला सावकाश समजावलं. पट्टा कसा असतो, एकेक घर कसं पुढे सरकतं, पीळ पडू नये म्हणून तो कसा सपाट धरावा लागतो, आणि तो नीट धरणारा नसेल तर पुढचा माणूस कितीही हुशार असला तरी बंदूक चालत नाही. तानाबाई डोळे न हलवता ऐकत होती. मध्येच तिने आपले दोन्ही हात पुढे करून, तळवे वर, पट्टा धरून पाहिला.

“असा?”

“हो. असाच.”

“अन् समोर माती असते? बांध?”

“हो.”

“म्हंजे सुखरूप हायेत.”

लीनाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर ऊन इतकं होतं की रस्ता हलतोय असं वाटत होतं. “हो, तानाबाई,” ती म्हणाली. “जागा चांगली आहे.”

तानाबाईच्या खांद्यांतला ताण एकदम उतरला. मॅडम, तुमी म्हटलं ना, मंग झालं, असं काहीतरी ती पुटपुटली. लीना आत चहा टाकायला गेली. दूध तापेपर्यंत तिने मिहिरचा नंबर लावला. रेकॉर्डवरची तीच बाई, तोच हिंदीतला निरोप. मग तिने अंकुशचा लावला. तोही तसाच.

कप घेऊन ती बाहेर आली तर तानाबाई भिंतीला टेकून, पदर तोंडावर घेऊन गाढ झोपली होती. कितीतरी दिवसांची झोप. लीनाने चहा झाकून ठेवला, पंखा तिच्याकडे वळवला, आणि ती जागी होऊ नये म्हणून फोनचा आवाज कमी करणार तोच थांबली. आवाज तसाच ठेवून, फोन मांडीवर घेऊन ती झोपलेल्या बाईसमोर बसून राहिली.